चुकीच्या तारखेचं पुरवणीपत्र

चूक माझी होती. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल.

मी एका वकीलबाईंच्या ऑफिसात कारकून आहे. वयाने त्यांच्यापेक्षा बराच मोठा, त्यामुळे त्या मला तात्या म्हणतात आणि मी त्यांना बाई म्हणतो. ऑफिस दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, टाइप करायचं यंत्र आणि तीन भिंतींना लागून फायलींची कपाटं. आतल्या खोलीत बाई. आमच्याकडे मुख्यतः मृत्युपत्रांचं काम चालतं. माणसं येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असल्यासारखं "समजा मी नसलो तर" असं म्हणून सुरुवात करतात.

फायली लावण्याची माझी एक पद्धत आहे. बाकी सगळ्या ऑफिसांत नवा कागद वर आणि जुना खाली असतो. मी जुना वर ठेवतो. मला फाईल पुस्तकासारखी पहिल्या पानापासून वाचायला आवडते. बाईंनी सुरुवातीला दोन-चारदा हटकलं, मग नाद सोडला. "तात्यांच्या फायली म्हणजे कादंबऱ्या," असं त्या पक्षकारांना हसत सांगायच्या. मलाही त्यात थोडं कौतुक वाटायचं. त्या कौतुकानेच घात केला.

चष्मेवाले आमचे जुने पक्षकार. चौकातल्या जिन्याखाली त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे पडदा आणि पडद्यामागे भिंगं घासायचं यंत्र. त्यांनी लग्न केलं नव्हतं. एक पुतण्या होता, तो दुसऱ्या शहरात लिफ्टच्या कंपनीत नोकरीला. आणि दुकानात एक बाई कामाला होत्या. त्या आल्या तेव्हा काउंटर पुसायच्या. पुढे फ्रेमचे स्क्रू बसवू लागल्या, मग भिंगं घासू लागल्या, आणि शेवटी शेवटी चष्मेवाल्यांचा हात थरथरू लागल्यावर सगळं दुकान त्याच चालवत होत्या. गिऱ्हाइकं त्यांना भिंगताई म्हणत.

चष्मेवाल्यांनी आमच्याकडे तीन कागद केले. पहिला नऊ वर्षांपूर्वी, चार मार्चला. ते होतं मृत्युपत्र. त्यात पाच कलमं होती. घर आणि ठेवी पुतण्याला, दुकान आतल्या सगळ्या वस्तूंसकट पुतण्यालाच, पुस्तकं वाचनालयाला, असं सरळ.

मग काका-पुतण्याचं बिनसलं. कशावरून ते मला कधी नीट कळलं नाही. पुतण्या दुकान मोबाईलवाल्याला भाड्याने द्या म्हणाला, एवढं कानावर आलं. तीन वर्षांपूर्वी अकरा ऑगस्टला चष्मेवाले परत आले आणि दुसरं मृत्युपत्र केलं. घर आणि ठेवी त्यांनी पुतण्याकडेच ठेवल्या. पण चौथ्या कलमात दुकान, आतल्या सगळ्या वस्तूंसकट, भिंगताईंना दिलं. सातव्या कलमात मृत्युपत्र अमलात आणणारे व्यवस्थापक म्हणून आपले मित्र घड्याळवाले यांना नेमलं. आणि पहिल्याच कलमात लिहिलं की याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं आणि पुरवणीपत्रं मी रद्द करत आहे.

त्या दिवशी चष्मेवाले जुनं मृत्युपत्र हातात घेऊन फाडायलाच निघाले होते. बाईंनी थांबवलं.

"राहू द्या. रद्द झालंच आहे. उद्या कुणी नव्यावर बोट ठेवलं, तर आधी काय होतं आणि काय बदललं हे दाखवायला जुनं उपयोगी पडतं."

"पण दोन दोन कागद असले तर घोळ नाही होणार?"

"घोळ कसला? नंतरचं टिकतं. तात्या, त्याच्यावर 'रद्द' लिहून ठेवा."

मी लिहिलं. पण कुणाच्या सहीच्या कागदावर शाईने काही लिहायला माझा हात होत नाही. मी कोपऱ्यात पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं, आणि माझ्या पद्धतीप्रमाणे तो कागद फायलीत सर्वांत वर ठेवला.

तिसरा कागद या वर्षी नऊ जानेवारीचा. चष्मेवाले काठी टेकत आले. घड्याळवाले वारले होते. त्यांनी खिशातून दुसऱ्या मृत्युपत्राची आपल्याजवळची प्रत काढली आणि माझ्याकडे पेन मागितलं.

"एवढं एक नाव खोडतो नि वर मास्तरांचं लिहितो. बाजूला सही ठोकतो. दोन मिनिटांचं काम."

"तसं चालत नाही," मी म्हणालो. "सही-साक्षी झाल्यावर त्यात केलेली खाडाखोड धरत नाहीत. बदलालाही मृत्युपत्रासारखीच तुमची सही आणि दोन साक्षीदार लागतात. त्यापेक्षा पुरवणीपत्र करू. एक पान होईल."

"एका नावाला एक पान! बरं, मग आणखी एक घाला त्यात. पान वाया नको जायला."

ते आणखी एक म्हणजे दुर्बीण. तरुणपणी त्यांनी स्वतः भिंगं घासून एक दुर्बीण बनवली होती. ती दुकानात पडद्यामागच्या फळीवर असायची. ती पुतण्याला द्यायची होती. "गेल्या महिन्यात मी आजारी होतो तेव्हा आला होता. चार दिवस राहिला. माझे पाय चेपले हो त्याने," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मग, "ते वाक्य नीट लिहा. वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

आता चूक. माझा चष्मा त्या दिवशी त्यांच्याच दुकानात होता, भिंग बदलायला. मजकूर ते त्यांच्या प्रतीतून सांगत होते, मी ऐकून टाइप करत होतो, त्यामुळे मजकुरात अडचण आली नाही. पण सुरुवातीला 'अमुक तारखेच्या मृत्युपत्राला हे पुरवणीपत्र' असं लिहावं लागतं. तारीख मी फायलीतून घेतली. फाईल उघडली, वरचा कागद नाकाशी धरला आणि तारीख उतरवली. चार मार्च. कोपऱ्यातली माझी पेन्सिल मला दिसली नाही. बाई त्या दिवशी कोर्टात होत्या. चष्मेवाल्यांनी सही केली, ती करताना मी आणि समोरचा झेरॉक्सवाला दोघेही शेजारी उभे होतो, मग आम्ही दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. सगळं रीतसर. शेवटचं वाक्य आम्ही नेहमी घालतो ते: 'या बदलांखेरीज सदर मृत्युपत्र जसेच्या तसे कायम राहील.'

मे महिन्यात चष्मेवाले गेले.

*

पुतण्याने दुकानाला स्वतःचं कुलूप लावलं आणि भिंगताई आमच्या ऑफिसात आल्या. पाठोपाठ मास्तर आले. हे नवे व्यवस्थापक, निवृत्त शाळामास्तर, आवाज अजून वर्गातलाच.

"ह्यांना काल दुकानात पाऊल टाकू दिलं नाही!" मास्तर आत येण्याआधीच म्हणाले. "का, तर म्हणे दुकान त्याचं. पुरवणीपत्र दाखवतो मला. मलाच!"

बाईंनी कागद मागवले. मी फाईल नेऊन दिली आणि शेजारी उभा राहिलो. बाईंनी पुरवणीपत्र वाचलं, परत वाचलं, आणि मान वर न करता विचारलं, "तात्या, ही तारीख कुठली?"

मी वाकून पाहिलं. या वेळी चष्मा होता.

"पहिल्या मृत्युपत्राची," मी म्हणालो.

"रद्द झालेल्या."

"हो."

मग भिंगताईंनी हळूच विचारलं, "म्हणजे काय झालं?"

बाईंनी त्यांना समजावून सांगितलं. नंतरचं मृत्युपत्र आधीच्याला रद्द करतं, हे खरं. पण रद्द झालेलं मृत्युपत्र पुन्हा जिवंतही करता येतं. एक तर ते पुन्हा सही-साक्षींनी करायचं, किंवा पुरवणीपत्रात तसा इरादा दाखवायचा. आणि इथे सगळ्यांत शेवटचा कागद म्हणतो, चार मार्चचं मृत्युपत्र कायम राहील. पुतण्या म्हणणार, काकांनी शेवटी मन बदललं, जुनं मृत्युपत्र परत आणलं. जुन्यात दुकान त्याचं आहे.

"त्यांनी मन बदललं असेल तर दुकान त्याचं," भिंगताई म्हणाल्या. "मला भांडायचं नाही. पण खरंच बदललं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "मी तारीख चुकवली. बिनचष्म्याचा होतो."

"चष्मेवाल्याचं पुरवणीपत्र बिनचष्म्याने!" मास्तर ओरडले. "वा तात्या! वर्गात असता तर बाकावर उभा केला असता."

मला खरंच बाकावर उभं राहायला बरं वाटलं असतं. त्यात निदान शिक्षा संपते.

सगळे गेल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही प्रतिज्ञापत्र करून ही चूक कबूल कराल?"

"करतो. माझी नोकरी..."

"नोकरीचं कुणी बोललंय का? एक लक्षात ठेवा, नुसत्या तुमच्या कबुलीवर भागणार नाही. गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते कारकुनाने सांगायचं आणि कोर्टाने मानायचं, असं नसतं. जुनं मृत्युपत्र जिवंत करायचा इरादा कागदातच दिसायला हवा. नुसती तारीख म्हणजे इरादा नव्हे, हे आपलं म्हणणं. कागद पुन्हा वाचा. तुम्हाला वाचायची आवड आहे ना?" मग फाईल मिटून म्हणाल्या, "आणि हे प्रकरण मी चालवणार नाही. आपल्याच ऑफिसची चूक आहे, तुम्ही साक्षीदार. मी माझ्या मैत्रिणीकडे देते."

मी घरी जाऊन तीनही कागदांच्या नकला टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण स्वतःच्या हातचं एक पान इतक्या भीतीने कधी वाचलं नव्हतं. पुरवणीपत्रात लिहिलं होतं, 'सातव्या कलमात नेमलेल्या व्यवस्थापकाच्या जागी'. पहिल्या मृत्युपत्रात कलमंच पाच. त्यात व्यवस्थापक नेमलेलाच नाही. जो नाही त्याच्या जागी दुसरा कसा नेमणार? मी उठून पाणी प्यायलो. सुटलो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नव्या वकीलबाईंना सांगितलं. त्या बाईंसारख्या नव्हत्या, फार हसऱ्या होत्या. "छान," त्या म्हणाल्या. "पण समोरचा वकील काय म्हणेल? कलमाचा आकडा चुकला, तारीख बरोबर आहे. ज्याच्या हातून तारीख चुकते त्याच्या हातून आकडाही चुकतो. मग?"

मी नकला गोळा करून पुन्हा पिशवीत भरल्या.

*

मास्तरांनी व्यवस्थापक म्हणून कोर्टात अर्ज केला: अकरा ऑगस्टचं मृत्युपत्र आणि नऊ जानेवारीचं पुरवणीपत्र, दोन्ही मिळून चष्मेवाल्यांची शेवटची इच्छा म्हणून मान्य करावीत. पुतण्याने हरकत घेतली.

सुनावणीच्या दिवशी मी वेळेच्या तासभर आधी जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन बसलं. पाहतो तर पुतण्या. पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं, हातात प्लास्टिकची पिशवी. मी उठू लागलो.

"बसा हो," तो म्हणाला. "तुम्हीच ना तो कागद टाइप केलेला?"

"मीच."

"मला एकच सांगा. कोर्टासाठी नाही, असंच. काका त्या दिवशी माझ्याबद्दल काही बोलले का?"

आमच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, आत जाईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. मी म्हणालो, "मला बोलायला बंदी आहे."

त्याने मान हलवली. "मला दुकानाचा सोस आहे असं सगळ्यांना वाटतंय. दुकान घेऊन मी करू काय? मला लिफ्ट कळते, भिंगं नाही. पण तीन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. हिवाळ्यात गेलो तर म्हणाले, ये. मग ते गेले आणि हा कागद हातात पडला. वाटलं, पहिल्यासारखं केलं म्हणजे माफ केलं. ते खरं नसेल तर..." तो पिशवीच्या कानाला गाठ मारत राहिला आणि सोडत राहिला.

मी पुस्तकी माणूस. असल्या वेळी काय बोलावं ते मला पुस्तकातसुद्धा कधी सापडलेलं नाही. मी चष्मा काढून पुसत बसलो आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

*

कोर्टाची खोली लहान होती. न्यायाधीश वयस्क, सर्दी झालेले, दर पाच मिनिटांनी रुमाल काढत होते. मी साक्षीला उभा राहिलो तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"जरा मोठ्याने," न्यायाधीश म्हणाले. "इथे सर्दीने माझे कान बंद आहेत."

आमच्या वकीलबाईंनी विचारलं ते मी सांगितलं. फाईल लावायची पद्धत, पेन्सिल, चष्मा. झेरॉक्सवाल्याने त्याआधीच सही आमच्या दोघांसमोर झाल्याचं सांगितलं होतं. मग समोरचे वकील उठले. उंच, सावकाश बोलणारे, अगदी सभ्य.

"तात्या, तुम्ही म्हणता तारीख चुकली."

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"पण सातवं कलम बरोबर आहे, असंही म्हणता."

"हो."

"तुम्ही चष्म्याशिवाय होतात. तारीख चुकू शकते. मग कलमाचा आकडा चुकूच शकत नाही, असं छातीठोकपणे सांगू शकता?"

मी आमच्या वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांचं हसू तिथल्या तिथे थबकलं होतं. मागे मास्तर खुर्चीच्या कडेवर आले होते. भिंगताई खाली बघत होत्या. 'हो' म्हणालो असतो तर सगळं सोपं होतं. पण उभ्या आयुष्यात मी कशाबद्दलच छातीठोकपणे बोललो नाही, मग शपथ घेऊन कसा बोलू?

"नाही सांगू शकत," मी म्हणालो. "माझ्या हातून आकडाही चुकू शकतो."

मागे मास्तरांनी "अरे देवा" म्हटलेलं सगळ्या खोलीला ऐकू आलं.

"आभारी आहे," वकील म्हणाले आणि बसायला वळले.

"पण दुर्बीण चुकलेली नाही," मी म्हणालो.

ते थांबले. "मी त्याबद्दल विचारलं नाही."

"मी विचारतो," न्यायाधीश म्हणाले. "कुठली दुर्बीण?"

आता बोलायला सुरुवात केली होती आणि थांबलो तर पुन्हा बोलणं जमलं नसतं. "पुरवणीपत्रातली दुसरी बाब, साहेब. दुकानात ठेवलेली, त्यांनी स्वतः बनवलेली दुर्बीण पुतण्याला द्यावी. ते वाक्य त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. तारीख मी फायलीतून घेतली, आकडा ऐकून लिहिला, दोन्ही चुकू शकतात. पण ते वाक्य त्यांचं आहे. शब्द न् शब्द."

न्यायाधीशांनी तिन्ही कागद पुढे ओढले. पहिल्या मृत्युपत्राचं तिसरं कलम त्यांनी मोठ्याने वाचलं: दुकान, आतल्या सगळ्या वस्तूंसकट, पुतण्याला. मग दुसऱ्याचं चौथं: दुकान, आतल्या सगळ्या वस्तूंसकट, भिंगताईंना. मग पुरवणीपत्रातलं दुर्बिणीचं वाक्य. रुमाल काढला, नाक पुसलं आणि समोरच्या वकिलांकडे पाहिलं.

"जुनं मृत्युपत्र परत आणायचं होतं म्हणता. त्यात दुकानातली सुईसुद्धा पुतण्याचीच होती. मग दुर्बीण वेगळी काढून त्यालाच द्यायचं कारण काय?"

"साहेब, जिव्हाळ्याची वस्तू... अधिक स्पष्टता म्हणून..."

"दुकान दुसऱ्याला दिलेलं असेल तरच त्यातली एक वस्तू वेगळी काढावी लागते. सातवं कलम, व्यवस्थापक आणि दुर्बीण, तिन्ही एकाच मृत्युपत्राकडे बोट दाखवतात. दुसरीकडे एकटी तारीख आहे. आणि रद्द झालेलं मृत्युपत्र जिवंत करतो असा एक शब्दही या पानावर नाही. तुमचं यावर काय म्हणणं?"

वकील बोलणार तेवढ्यात मागून पुतण्या उठला.

"साहेब, मी बोलू का?"

"वकिलांमार्फत बोला."

तो वकिलांच्या कानाशी वाकला. दोघांचं बराच वेळ कुजबुजत बोलणं झालं. वकील दोनदा नाही अशी मान हलवत होते. शेवटी ते सरळ उभे राहिले, कोट ओढला आणि म्हणाले, "माझे पक्षकार हरकत मागे घेतात."

न्यायाधीशांनी पुतण्याकडे पाहिलं. "कुणी जबरदस्ती केली का? समजून उमजून मागे घेताय?"

"आत्ता समजलं, साहेब," तो म्हणाला. "दुकान मला द्यायचं नव्हतं त्यांना. त्यातलं जे माझ्यासाठी होतं ते त्यांनी बाजूला काढून ठेवलं होतं."

निकाल त्याच दिवशी तोंडी सांगितला गेला. अकरा ऑगस्टचं मृत्युपत्र आणि त्याचं पुरवणीपत्र म्हणून नऊ जानेवारीचा कागद, दोन्ही मिळून मान्य. पुरवणीपत्रातली तारीख हा लिहिण्यातला दोष धरला. लेखी हुकूम पुढच्या आठवड्यात. उठता उठता न्यायाधीश माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि तुम्ही, फायलीत नवा कागद वर ठेवत जा."

"हो साहेब," मी म्हणालो. तो लेखी हुकूम आला तेव्हा मी चष्मेवाल्यांच्या फायलीत लावला, सर्वांत वर.

*

व्हरांड्यात मास्तरांनी माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की चष्मा नाकावरून घसरला. "नाही सांगू शकत म्हणे! माझी तर पाचावर धारण बसली होती. खरं बोलून कुणी खटला जिंकतो का?"

"मी जिंकायला नव्हतो आलो," मी म्हणालो. मग वाटलं, हे फार मोठं वाक्य झालं. "म्हणजे, मला काही सुचतच नव्हतं."

पुतण्या आमच्याकडे येत होता. भिंगताई एक पाऊल मागे सरकल्या. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढून मास्तरांपुढे धरला.

"व्यवस्थापक तुम्ही ना? तुमच्याकडेच द्यायला हव्यात."

मास्तरांनी त्या घेतल्या, क्षणभर हातात तोलल्या आणि भिंगताईंकडे दिल्या. "लेखी हुकूम पुढच्या आठवड्यात. पण मला हरकत नाही, यालाही नाही. मग वाट कशाला बघायची?"

"आज उघडू?" भिंगताईंनी पुतण्याला विचारलं.

"काकू म्हणू का तुम्हाला?" तो म्हणाला. मग स्वतःच ओशाळून, "नाही, ते बरोबर नाही. ताईच म्हणतो, सगळे म्हणतात तेच. आज उघडा, ताई. मी ती फळीवरची वस्तू घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने निघतो."

"चहा पिऊन जा. दुकानात स्टोव्ह आहे. काकांचा कपही आहे."

"त्यांचा नको. मला वेगळा द्या."

आम्ही चौघे चालत दुकानापर्यंत गेलो. दोन महिने बंद असल्याने आत कोंदट वास होता, आरशावर धुळीचा थर होता. भिंगताईंनी आधी पडद्यामागे जाऊन यंत्राचं चाक हाताने फिरवून पाहिलं. ते फिरलं तेव्हा त्यांच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला. रडणं म्हणता येणार नाही आणि हसणंही. पुतण्याने फळीवरून दुर्बीण उतरवली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि दारात उभा राहून समोरच्या छपरावरचा कावळा बघू लागला.

"उलटा दिसतोय हो!" तो म्हणाला.

"आकाशासाठी बनवलीय ती," भिंगताई आतून म्हणाल्या. "ताऱ्यांना उलटं-सुलटं नसतं, असं ते म्हणायचे."

काउंटरखालच्या खणात तयार झालेले चष्मे पडून होते. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. भिंगताईंनी ते सगळे बाहेर काढून रांगेने मांडले. तेवीस निघाले. दोन महिने तेवीस माणसं चाचपडत असतील, किंवा जुन्या चष्म्यावर वेळ मारून नेत असतील. त्या फोन लावायला बसल्या. चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडे आलं. चष्मेवाल्यांच्या थरथरत्या हाताचं अक्षर, तरी लागत होतं. मी प्रत्येक फोन नंबर दोनदा वाचला. एकदा त्यांच्यासाठी आणि एकदा माझ्या खात्रीसाठी.

"काय तात्या, एवढं काय!" मास्तर म्हणाले. त्यांनी तोवर झाडू हातात घेतला होता.

"वाचू द्या त्यांना," भिंगताई म्हणाल्या. पलीकडे कुणीतरी फोन उचलला होता. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि नेहमीच्या, काउंटरवरच्या आवाजात बोलल्या, "नमस्कार, चष्म्याच्या दुकानातून बोलतेय. हो, हो, उघडलंय. तुमचा चष्मा तयार आहे, कधी येताय?"